बाजरीतला काळा दाणा: दळणाआधी अरगट कसा ओळखायचा आणि कसा काढायचा

विदर्भात बाजरी बहुतेक घरांत विकत येते. बुलढाण्याच्या पश्चिमेकडची थोडी वावरं सोडली तर इथलं घरचं धान्य ज्वारीचं. तीही सोयाबीन आणि कपाशीपुढे मागे पडली. थंडी लागली की आठवडी बाजारातून दहा-वीस किलो बाजरी आणायची, तीळ लावून भाकरी करायची, संपली की पुन्हा ज्वारी-गव्हाकडे वळायचं, अशी बहुतेक घरांची रीत. म्हणजे ही बाजरी कणसात असताना कशी दिसत होती ते खाणाऱ्याला ठाऊक नसतं. फुलोऱ्यात पाऊस लागला का, कणसातून चिकट थेंब गळत होते का, हे ज्याने पाहिलं तो शेतकरी खानदेशात, मराठवाड्यात नाहीतर राजस्थानात. आपल्या हाती येतं ते पोतं. अरगट या बुरशीला अडवायची आपली जागा त्यामुळे एकच उरते: पोतं उघडल्यापासून गिरणीत दळण टाकेपर्यंत. पीठ झाल्यावर तो काढता येत नाही आणि पिठात दिसतही नाही. म्हणून इथे सगळा भर त्या मधल्या टप्प्यावर दिला आहे.

काळा दाणा म्हणजे काय

हा दाणा नसतोच. बाजरीच्या कणसात आधी स्त्रीकेसर बाहेर पडतात आणि पराग मागून येतो. मधल्या काही दिवसांत आभाळ भरलेलं, हवा दमट आणि झिमझिम पाऊस असेल तर बुरशीचे बीजाणू त्या उघड्या केसरांवर बसतात आणि परागाआधी आत शिरतात. जिथे दाणा भरायचा त्या जागी बुरशी वाढते. आठवड्याभरात तिथून मधासारखे गुलबट चिकट थेंब गळायला लागतात. पावसाच्या शिंतोड्यांनी आणि अंगाला लागून हे थेंब एका कणसावरून दुसऱ्यावर जातात. पुढे थेंब सुकतात आणि दाण्याच्या जागी एक टणक, गडद तपकिरी ते काळी गाठ तयार होते. हीच अरगटाची गाठ, आणि विष तिच्यातच साठलेलं असतं.

पराग वेळेवर पडला तर बुरशीला वाट मिळत नाही. म्हणून फुलोऱ्यात कोरडं ऊन पडलं त्या वर्षी रोग क्वचित दिसतो आणि पाऊस रेंगाळला त्या वर्षी बाजारात काळे दाणे जास्त येतात. घेताना दुकानदाराला विचारायचं असेल तर हेच विचारावं: माल कुठला, आणि तिकडे कणसं फुलली तेव्हा पाणी होतं का. भाव विचारणाऱ्याला दोन वाक्यं जास्तीची. उत्तर खरं मिळेलच असं नाही, पण पोत्यात हात घालून मूठभर बाजरी तळहातावर पसरायला कोणी अडवत नाही.

आधी खात्री करा की तो अरगटच आहे

काळं दिसलं की सगळं अरगट नसतं. घरात चार गोष्टींची गल्लत होते आणि प्रत्येकीचा उपाय वेगळा आहे.

अरगटाची गाठ दाण्याएवढी किंवा थोडी लांबट असते, साधारण तीन ते पाच मिलिमीटर. एका टोकाला निमुळती आणि वेडीवाकडी. नखाने दाबली तर दबत नाही. चमच्याच्या पाठीने फोडली तर घट्ट तुकडे पडतात, आतून भुकटी निघत नाही. काणीचा दाणा मात्र फुगीर आणि गोलसर असतो आणि चिरडताच काजळीसारखी काळी भुकटी उडते. काणीने बाजरीची प्रत जाते, पण तिचं विष अरगटासारखं नाही. पावसात भिजून काळवंडलेला दाणा आकाराने बाजरीचाच राहतो आणि फोडला तर आत पांढरट पिठूळ गर दिसतो. उंदराची लेंडी ओलसर बोटाने चोळली की विरघळायला लागते.

पाचवी गोष्ट क्वचित येते, पण जास्त घातक असते. धोतऱ्याचं बी चपटं, मूत्रपिंडाच्या आकाराचं आणि खरबरीत असतं. ते दिसलं तर पोतं परत करा. आणि पोत्यात गुलाबी किंवा लाल रंग चढलेले दाणे दिसले तर ते औषध लावलेलं बियाणं आहे. ते धुऊन खायचं धान्य होत नाही. पेरणीच्या दिवसांत उरलेलं बियाणं स्वस्तात मिळतंय म्हणून दळायला घेणारी घरं आहेत, म्हणून हे सांगावं लागतं.

किती आहे ते मोजा

भारतातल्या अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार खाण्याच्या धान्यात अरगटबाधित दाणे वजनाने ०.०५ टक्क्यांहून जास्त नसावेत. आकडा डोळ्यांपुढे आणायचा तर किलोला अर्धा ग्रॅम आणि क्विंटलला ५० ग्रॅम. इतकं थोडं कोणी पाहणार नाही असं वाटतं, पण मोजायची रीत सोपी आहे. एक उदाहरण पूर्ण करून दाखवतो.

धरून चाला की तुम्ही बाजारातून २० किलोचं पोतं आणलं. वरचा थर पाहून निर्णय घेऊ नका. पोतं हलताना हलक्या आणि जड गोष्टी वेगळ्या थरांत जातात. पोतं ताडपत्रीवर ओता, खालचा माल वर येईल असा दोनदा पालथा करा आणि पाच-सहा ठिकाणांहून एकेक मूठ घेऊन अर्धा किलो बाजूला काढा. हा नमुना पांढऱ्या ओढणीवर किंवा स्टीलच्या परातीत एक दाणा जाडीने पसरा आणि उन्हात बसून निवडा. ट्यूबलाइटखाली तपकिरी गाठ बाजरीच्या राखाडी रंगात हरवते. वयस्क माणसाऐवजी दहा-बारा वर्षांच्या पोराला बसवलं तर काम लवकर होतं. त्याची नजर चांगली असते, फक्त तोंडात टाकू नको म्हणून सांगायचं आणि नंतर हात धुवायला लावायचे.

निघालेल्या गाठी आणि त्यांचे तुकडे एका कागदावर जमवा. घरचा काटा एवढं बारीक वजन दाखवत नाही. गावातल्या सोनाराकडचा काटा दाखवतो. समजा वजन आलं १.२ ग्रॅम. अर्ध्या किलोला परवानगी आहे पाव ग्रॅमची, म्हणजे ०.२५ ग्रॅम. तुमच्या मालात तिच्या जवळजवळ पाचपट अरगट आहे. २० किलोत हिशोबाने ४८ ग्रॅम, जिथे १० ग्रॅमच्या आत असायला हवं होतं.

काटा मिळत नसेल तर मोजणीवर भागवता येतं. बाजरीचे हजार दाणे साधारण १० ग्रॅमच्या आसपास भरतात. म्हणजे अर्ध्या किलोत पन्नासेक हजार दाणे आणि त्यात मर्यादेइतक्या गाठी धरल्या तर २५ च्या आसपास. गाठ दाण्यापेक्षा थोडी हलकी असल्याने मोजून केलेला अंदाज कडकच ठरतो, आणि खाण्याच्या बाबतीत तसाच असावा. २५ च्या खूप खाली असेल तर हाताने निवडून सगळं पोतं वापरता येईल. २५ च्या वर गेलं तर मिठाचं पाणी करा. आणि दोनशे-तीनशे निघत असतील तर माझं मत स्पष्ट आहे: धुण्याच्या नादी लागू नका, माल परत करा. इतक्या रोगट मालात मळणीयंत्राने फोडलेल्या गाठींचा चुराही असतो, आणि तो ना दिसतो ना नीट तरंगतो.

सूप आणि चाळणी कुठवर पुरतात

आधी पाखडा. गाठी दाण्यापेक्षा हलक्या असतात, त्यामुळे सुपाच्या टोकाशी कोंडा आणि पोचट दाण्यांबरोबर काही पुढे जातात. पण सगळ्या जात नाहीत. चाळणीवर तर विसंबूच नका. युरोपातल्या राय धान्यावरची अरगटाची गाठ एक ते चार सेंटिमीटर लांब, कोंबड्याच्या नखीसारखी वाकडी आणि दाण्याहून कितीतरी मोठी असते. चाळणीने ती वेगळी काढता येते आणि तिथल्या गिरण्यांनी पुढे तेच केलं. बाजरीवरची गाठ बाजरीएवढीच असल्याने ती चाळणीच्या त्याच भोकातून खाली पडते. आपल्याला आकाराचा नाही, वजनाचा फरक वापरावा लागतो, आणि मिठाचं पाणी नेमकं तेच करतं.

मिठाचं पाणी

हीच रीत शेतकरी बियाण्यासाठी वापरतात. खाण्याच्या धान्यालाही ती चालते, फक्त धुणं आणि वाळवणं जास्त काळजीने करावं लागतं.

प्लास्टिकच्या टबात १० लिटर पाणी घ्या आणि त्यात २ किलो जाडं मीठ विरघळवा. ढवळत राहा, तळाशी खडे उरू देऊ नका. मग गढूळपणा जावा म्हणून पाणी कापडातून गाळून घ्या. मीठ पुरेसं झालं का ते पाहायला एक मध्यम बटाटा टाका. तो बुडाला तर पाणी कच्चं आहे, अजून मीठ लागेल. तरंगला म्हणजे निदान मोठी चूक नाही. तरीही दोन किलोचं माप कमी करू नका, कारण बटाटा त्याहून कमी मिठातही वर येतो.

आता एका वेळी तीन किलोच बाजरी टाका. जास्त टाकली तर खालच्या थरात अडकलेल्या गाठी वर येऊ शकत नाहीत. टाकल्याबरोबर हाताने तळापर्यंत ढवळा आणि दाण्यांना चिकटलेले हवेचे बुडबुडे फुटू द्या. बुडबुड्यांमुळे चांगले दाणेही वर येतात आणि ढवळलं की खाली बसतात. दोन-तीन मिनिटं थांबा. वर जे आलं, गाठी, पोचट दाणे, कोंडा, काडी, ते सगळं चहाच्या गाळणीने उचला. त्यातले चांगले दिसणारे दाणे वेचून परत टाकायचा मोह आवरा. पुन्हा ढवळा, पुन्हा थांबा, पुन्हा उचला. वर काही येईनासं झालं की तो घाणा झाला. याला दहा मिनिटांहून जास्त वेळ लागू देऊ नका, कारण दाणा आणि गाठ दोघेही पाणी पितात आणि भिजून जड झालेली गाठ खाली बसते.

२० किलोचे असे सात घाणे होतात. तेच पाणी पुढच्या घाण्याला चालतं, पण प्रत्येक घाण्याबरोबर थोडं पाणी बाजरी घेऊन जाते. भर घालताना साधं पाणी ओतू नका, लिटरला २०० ग्रॅम मीठ या मापाचंच घाला. लोक इथेच चुकतात. पहिले दोन घाणे छान निघतात आणि पाचव्या घाण्यापर्यंत पाणी पातळ होऊन गाठी बुडायला लागतात. वर काही येत नाही म्हणून माल स्वच्छ झाला असं वाटतं. दर दोन घाण्यांनी बटाटा टाकून पाहा, आणि शेवटच्या घाण्यातली मूठभर बाजरी ताटात पसरून डोळ्यांनीही तपासा.

निथळलेली बाजरी लगेच स्वच्छ पाण्याने तीनदा धुवा. शेवटच्या धुण्यानंतर एक दाणा जिभेवर ठेवून पाहा, खारट लागला तर चौथं पाणी घाला. मग कापडावर पातळ पसरून कडक उन्हात वाळवा, अधूनमधून पालथी करा. दाताखाली दाणा कट्‌ करून फुटला की वाळली. चावताना चिवट लागली तर अजून ओल आहे. अशी बाजरी दळली तर गिरणीच्या दगडाला चिकटेल आणि डब्यात ठेवली तर दुसरीच बुरशी धरेल. म्हणून हे काम आभाळाच्या दिवशी काढू नका. निम्मा माल वाळवायचा राहून गेला तर सगळी मेहनत वाया जाते.

वाळल्यावर पुन्हा अर्धा किलोचा नमुना काढून मोजा. आपल्या उदाहरणात समजा आता पाच गाठी निघाल्या. हे मर्यादेच्या पाचव्या भागाएवढं आहे. दळायला नेताना उरलेली बाजरी ताटात एकदा निवडून घेतली की झालं. पण वीस-पंचवीस गाठी उरल्या असतील तर पाणी पातळ होतं किंवा गाठी भिजल्या होत्या. पूर्ण वाळल्यावर एक फेरी परत करा.

भाजून किंवा भाकरी करून हे विष जाईल का, असं हमखास विचारलं जातं. उष्णतेने काही अंश घटतो, पण तव्यावरच्या भाकरीने तो धोक्याखाली येईल यावर विसंबता येत नाही. जुनं धान्य ठेवून ठेवून विष कमी होतं, हेही अर्धवटच खरं. साठवणीत हळूहळू घट होते, पण किती झाली ते घरात मोजता येत नाही.

राय खाणाऱ्यांचे पाय का गळाले

इथे थोडं युरोपात जावं लागतं, कारण अरगटाचं नाव काढलं की लोक इंटरनेटवर वाचलेल्या काळ्या पडलेल्या पायांच्या गोष्टी सांगून घाबरवतात, आणि आपल्याकडचा आजार त्याहून वेगळा आहे.

राय हे गरिबाचं धान्य होतं. थंड, ओलसर, हलक्या जमिनीत गहू येत नाही तिथे ते येई. बाजरीसारखंच तेही दुसऱ्या ताटाच्या परागावर फळतं, म्हणून फुलोऱ्यात पाऊस पडला की त्याचीही तीच गत. ८५७ साली ऱ्हाइन नदीकाठच्या क्सांटेनच्या बखरीत सुजलेल्या फोडांच्या साथीची नोंद आहे, ज्यात माणसांचे अवयव मरणाआधीच सडून गळून पडत होते. ही अशा विषबाधेची सर्वात जुनी नोंद म्हणून दाखवली जाते. पुढे फ्रान्समध्ये ९९४ साली अशीच मोठी साथ आली. आग लागल्यासारखी हातापायांची जळजळ, मग थंडगारपणा, मग कोरडं काळं पडणं. लोक याला संत अँथनीची आग म्हणत, आणि १०९५ च्या सुमारास त्याच संताच्या नावाने रुग्णांची सेवा करणारा साधूंचा संघ उभा राहिला. त्यांच्याकडे राहिलेले लोक बरे व्हायचे, त्याचं एक कारण असं मानलं जातं की तिथे त्यांना रोगट रायऐवजी चांगली भाकर मिळे.

ऱ्हाइनच्या पूर्वेला चित्र वेगळं होतं. तिथे अवयव गळण्याऐवजी झटके येत. अंगावर मुंग्या चालल्यासारखं वाटायचं, बोटं आणि मनगटं आत वळून आखडायची, पिळवटून काढणाऱ्या आकड्या यायच्या, भ्रम व्हायचा आणि झटका ओसरला की जबर भूक लागायची. १५९७ मध्ये मार्बुर्गच्या वैद्यकीय विद्याशाखेने या आजाराचं वर्णन करून त्याचा संबंध खराब धान्याच्या भाकरीशी जोडला. एकच बुरशी असून नदीच्या दोन बाजूंना दोन आजार का, यावर वाद आहे. गाठींतल्या विषांचं प्रमाण जागोजाग बदलतं, हे एक उत्तर. जिथे दूध-लोणी कमी तिथे अ जीवनसत्त्वाच्या अभावामुळे मज्जातंतूंवर जास्त परिणाम होई, हे दुसरं. मला पहिलं जास्त पटतं, कारण बाजरीच्या बाबतीतही फरक विषाच्या प्रकारामुळेच पडतो.

१६७६ मध्ये दोदार या फ्रेंच वैद्याने हा आजार रायवरच्या काळ्या गाठींमुळे होतो हे पॅरिसच्या विज्ञान अकादमीला लिहून कळवलं. गाठ म्हणजे बिघडलेला दाणा नसून बुरशी आहे आणि तिचं जीवनचक्र कसं चालतं, हे १८५३ मध्ये त्युलान याने उलगडलं. ज्ञान झालं म्हणून साथी थांबल्या असं नाही. सोव्हिएत रशियात १९२६-२७ मध्ये उरलच्या भागात हजारो लोक आजारी पडले, आणि इथिओपियाच्या वोलो भागात १९७७-७८ मध्ये जवात मिसळलेल्या रानटी ओटवरच्या अरगटाने अनेकांचे पाय काळे पडले. दोन्ही ठिकाणी गरिबी होती आणि निवडून टाकण्याइतकं धान्य नव्हतं. अमेरिकेतल्या सेलमच्या चेटकीण खटल्यांनाही अरगटच जबाबदार, असं १९७६ मध्ये मांडलं गेलं. त्याच वर्षी त्याला सडेतोड उत्तरही मिळालं. मला ती कल्पना ओढूनताणून आणलेली वाटते.

बाजरीच्या अरगटाने काय होतं

रायवरच्या बुरशीच्या गाठीत अर्गोटामाइनसारखी द्रव्यं असतात. ती रक्तवाहिन्या आवळून धरतात, म्हणून बोटांपर्यंत रक्त पोचत नाही आणि ती काळी पडतात. बाजरीवरची बुरशी तिची बहीण, पण वेगळ्या जातीची. तिच्या गाठीत ॲग्रोक्लॅव्हिन, एलिमोक्लॅव्हिन अशी द्रव्यं मुख्य असतात. त्यांचा मारा पोटावर आणि मेंदूवर होतो, रक्तवाहिन्यांवर तसा नाही.

हे आपल्याकडेच दिसलं आहे. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात, त्या वेळच्या मुंबई राज्याच्या दक्षिण भागात, रोगट बाजरी खाऊन लोक आजारी पडले. १९७५ मध्ये राजस्थानात तसंच झालं आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी त्याचा अभ्यास केला. दोन्हीकडे चित्र सारखंच. जेवल्यावर काही तासांत मळमळ, उलट्या, चक्कर आणि मग गाढ झोप. गुंगीतून माणूस उठता उठत नाही. साधारण एक-दोन दिवसांत ओसरतं. पाय काळे पडत नाहीत.

म्हणून संशय घेण्याची खूण अशी: एकाच पिठाची भाकर खाल्लेले घरातले बहुतेक जण त्याच दिवशी ओकू लागले आणि नंतर पेंगू लागले, पण ज्याने फक्त भात खाल्ला तो ठणठणीत आहे. तरीही घरीच निदान करून गप्प बसू नका. विदर्भात फवारणीच्या हंगामात कीटकनाशकाची बाधा हीही शक्यता असते. तोंडातून लाळ, खूप घाम, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक आणि छातीत घरघर, हे कीटकनाशकाकडे बोट दाखवतं. याउलट तोंड कोरडं, बाहुल्या मोठ्या आणि बडबड, हे धोतऱ्याकडे. दोन्हींत तास मोजावे लागतात. अरगटावर वेगळा उतारा नाही, पाणी आणि देखरेख हाच उपचार. पण बाकी दोहोंवर आहे, म्हणून चुकीचं निदान तिथे महाग पडतं.

करायचं ते असं. भाकर बंद. शुद्धीवर आहे त्याला क्षारसंजीवनीचं पाणी घोट-घोट द्या. पेंगुळलेल्याच्या तोंडात पाणी किंवा ताक ओतू नका, ते श्वासनळीत जातं. त्याला कुशीवर झोपवा. मुद्दाम उलटी काढू नका. १०८ ला फोन करा किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या, आणि जाताना दोन गोष्टी सोबत घ्या: उरलेलं पीठ आणि न दळलेली मूठभर बाजरी, वेगवेगळ्या पिशव्यांत. डॉक्टरांना सांगा की कोणी काय खाल्लं आणि किती वेळाने त्रास सुरू झाला. हातपाय थंड, निळसर किंवा बधिर वाटत असतील, झटके येत असतील किंवा श्वास अडत असेल तर क्षणभरही थांबू नका. बाजरीत हे अपेक्षित नाही, म्हणजे काहीतरी वेगळं आहे. अर्धशिशीसाठी अर्गोटामाइनची गोळी घेणाऱ्याने तेही सांगावं.

गरोदर बाईच्या ताटात संशयाची बाजरी जाऊ देऊ नका. अरगटातल्या काही द्रव्यांनी गर्भाशय आकुंचन पावतं. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायला दवाखान्याच्या फ्रीजमध्ये जे मेथिलअर्गोमेट्रिनचं इंजेक्शन ठेवतात, ते याच कुळातलं. डॉक्टरच्या हातात मोजून दिलेलं औषध आणि भाकरीतून न मोजता गेलेलं विष यांत फरक आहे. अंगावर पाजणाऱ्या बाईनेही जपावं, या कुळातल्या द्रव्यांनी दूध आटू शकतं.

काढलेलं कुठे टाकायचं, आणि ज्वारीचं काय

मिठाच्या पाण्यावरून उचललेला गाळ कोंबड्यांना टाकू नका, गाई-म्हशींच्या ढेपेत मिसळू नका. जनावरांचंही दूध घटतं. उकिरड्यावर टाकला तर गाठी शेणखताबरोबर वावरात जातात आणि पुढच्या पावसात उगवून पुन्हा बीजाणू सोडतात. वाळवून जाळा किंवा हातभर खोल पुरा. खारं पाणी झाडांच्या बुडाशी ओतू नका, जनावरांच्या टाक्यात तर नकोच. नापीक जागी, विहिरीपासून दूर टाका.

ज्वारीवरही अरगट येतो आणि इथल्या शेतकऱ्याला तोच जास्त भेटतो. फुलोऱ्यात कणसाच्या फुलांमधून चिकट थेंब लोंबतात, पुढे त्यांवर पांढरट भुकटी दिसते किंवा काळी बुरशी चढते. मावा पडल्यावरही ज्वारी चिकट होते, पण तिथे आधी पानं चकचकीत होतात आणि पानांच्या मागे किडे सापडतात. अरगटात पानं स्वच्छ असू शकतात, चिकटपणाचा उगम कणसात असतो. औषध फवारण्याआधी हे पाहा, नाहीतर बुरशीवर कीटकनाशक मारून बसाल. ज्वारीवरच्या जातीचं विष वेगळं आहे. ऑस्ट्रेलियात तिने डुकरिणी आणि गाईंचं दूध आटवलं आहे. चिकट, काळी कणसं हुरड्याला घेऊ नका, सोंगणीत वेगळी काढा आणि त्यांचा कडबा दुभत्या जनावरापुढे टाकू नका.

घरच्या वावरात बाजरी पेरणार असाल तर बियाणं वरच्याच मिठाच्या पाण्यातून काढा, धुऊन सावलीत वाळवा आणि मगच बीजप्रक्रिया करा. सोंगणी झाल्यावर खोल नांगरट करा, कारण वरच्या मातीत राहिलेली गाठच उगवू शकते, खोल गाडली गेलेली नाही. त्याच वावरात दुसऱ्या वर्षी तूर किंवा सोयाबीन घ्या. आणि बांधावर अंजन गवत असेल तर बाजरी फुलण्याआधी ते कापा. बाजरीवरची बुरशी त्या गवतावरही जगते, आणि तिथून वावरात यायला तिला एक पावसाळी वारा पुरतो.